वेणीचा स्वेटर, कातडी जाकीट आणि फरची कॉलर: वर्णनावरून काढलेले चित्र सपाट का येते

प्रश्न: मी गोव्यात साखळीला राहते. मुलांसाठी एक चित्रकथा लिहीत आहे. ती हिमाचलातल्या हिवाळ्यात घडते. चित्रकाराला मी असे लिहून दिले: "ट्रकवाल्या काकांच्या अंगात मातकट पांढऱ्या लोकरीचा, वेणीच्या नक्षीचा जाड उबदार स्वेटर, वर तपकिरी कातडी जाकीट, त्याला फरची मऊ कॉलर." चित्रे आली ती नुसते पांढरे आणि तपकिरी रंग भरल्यासारखी. लोकर कुठली, कातडे कुठले, काही कळत नाही. दोनदा परत पाठवली. मी स्वतः असे कपडे कधी घातलेले नाहीत. वर्णनात नेमके काय लिहायला हवे?

उत्तर:

आपल्या वाक्यातले शब्द वेगवेगळे काढून पाहिले, तर मातकट पांढरा आणि तपकिरी हे रंगाचे शब्द आहेत आणि जाड, उबदार, मऊ हे स्पर्शाचे आहेत. स्पर्श चित्रात काढता येत नाही, म्हणून चित्रकाराच्या हाती फक्त रंग उरले आणि त्याने ते इमानाने भरले. पोत डोळ्यांना दिसतो तो उंचसखलपणामुळे आणि त्या उंचसखलपणावर पडणाऱ्या उजेड-सावलीमुळे. आपल्या वर्णनात उंच काय, खोल काय आणि उजेड कुठून येतो यांपैकी एकही गोष्ट नाही, त्यामुळे चित्रकाराला दोष देण्याआधी वर्णन पुन्हा लिहावे, असे मी म्हणेन.

हे मी अधिकाराने सांगते, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. फोंड्याला मी बरीच वर्षे विणकामाचे वर्ग घेतले आणि नंतर हातविणीचे कपडे विकणाऱ्यांसाठी त्यांची वर्णने लिहू लागले. सुरुवातीच्या एका कामात छायाचित्रे नव्हती. माझ्या मजकुरावरून एक जण रेखाचित्रे काढणार होता. मी "वेणीची नक्षी असलेला पांढरा स्वेटर" असे लिहिले. चित्र आले त्यात पांढऱ्या सपाट कापडावर तपकिरी रेघांनी तीन पेडांच्या वेण्या काढलेल्या होत्या, जणू कोणी छापाच मारला असावा. मी रागावले, पण नंतर लक्षात आले की माझ्या दोन शब्दांनी त्याला तिकडे नेले होते. "नक्षी" म्हटले की आपल्याला पृष्ठभागावर काढलेली गोष्ट आठवते, मग ती रांगोळी असो वा साडीचा काठ. आणि "वेणी" म्हटले की तीन पेड आठवतात. तो स्वेटर मात्र दोन पेडांच्या पिळाचा होता, आणि तो पीळ कापडावर काढलेला नव्हता. कापडच तिथे पिळले गेले होते. तेव्हापासून लोकरीच्या वर्णनात मी "नक्षी" हा शब्द वापरत नाही. "उठाव" लिहिते, आणि पेड किती आहेत ते आकड्यात सांगते.

आपल्या तीन वस्तूंपैकी स्वेटर सर्वांत अवघड आहे, म्हणून त्याच्यापाशी जास्त वेळ थांबते.

पीळ कसा विणतात हे एकदा समजले की तो कसा दिसतो हे पाठ करावे लागत नाही. समजा सहा सुलट टाक्यांचा पट्टा सरळ वर चालला आहे. ठरावीक ओळीला आल्यावर त्यातले पहिले तीन टाके एका जादा आखूड सुईवर उतरवून कामाच्या पुढे धरायचे, त्यांच्यानंतरचे तीन आधी विणायचे आणि मग धरून ठेवलेले तीन विणायचे. त्या जागी तीन टाक्यांचा एक पेड दुसऱ्यावरून आडवा जातो. सुई पुढे धरली तर वरचा पेड डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. काही ओळी सरळ विणून पुन्हा हेच केले की दोरीसारखा पीळ तयार होतो. आपल्याकडे सुंभाची दोरी सगळ्यांनी पाहिलेली असते. चित्रकाराला "सुंभाच्या दोरीचा पीळ, मात्र मऊ आणि गोलसर" एवढे सांगितले तरी "वेणीची नक्षी" या शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त पोहोचते.

पण हा पीळ उठून दिसतो तो त्याच्या शेजाऱ्यामुळे. पिळाच्या दोन्ही बाजूंना उलट टाक्यांची पट्टी असते. सुलट टाक्यांची उभी रांग गव्हाच्या कणसासारखी दिसते, तर उलट टाके आडव्या, बारीक, दाणेदार गाठींसारखे दिसतात आणि सुलट पट्ट्याच्या शेजारी आले की मागे दबतात. त्यामुळे पिळाला दोन्ही बाजूंनी चर मिळतो. हा चर वर्णनात आला नाही तर चित्रकार पीळ काढतो, पण तो हवेत तरंगतो. मी नेहमी आधी चर लिहिते, मग त्यातून वर आलेला पीळ.

आता मापे. जाड लोकरीच्या अशा स्वेटरमध्ये साध्या विणीवर 10 सेंटीमीटरमध्ये साधारण 18 टाके आणि 24 ओळी बसतात. सहा टाक्यांची रुंदी त्या हिशेबाने सव्वातीन सेंटीमीटर व्हायला हवी, पण पेड एकमेकांवर चढल्यामुळे कापड आत ओढले जाते आणि पीळ अडीच सेंटीमीटरच्या आसपास येतो. दर आठ ओळींनी पेड ओलांडले, तर एक वेढा सुमारे सव्वातीन सेंटीमीटरचा होतो. उघड्या जाकिटातून 40 सेंटीमीटर उंचीचा स्वेटर दिसत असेल, तर एका पिळाचे बारा वेढे दिसतील. चित्रकाराला हा आकडा उपयोगी पडतो, कारण तो नसला की कोणी चार ढोबळ वेढे काढतो आणि स्वेटर गादीसारखा दिसतो, तर कोणी चाळीस काढतो आणि सगळे मिळून पुन्हा राखाडी होते.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती आपल्या प्रश्नात नाही: चित्र छापून किती मोठे येणार? काकांची आकृती पानावर 12 सेंटीमीटर उंच असेल, तर माणूस सुमारे चौदा पट लहान झाला. मग अडीच सेंटीमीटरचा पीळ पावणेदोन मिलिमीटर उरतो आणि एक टाका अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्या चित्रात टाके काढायला सांगणे म्हणजे चित्रकाराला ठिपके भरायला बसवणे आहे, आणि ते ठिपके छपाईत मिसळून पुन्हा एकच रंग होईल. तिथे फक्त चर, पीळ आणि वेढ्यांची लय हवी. दुसऱ्या एखाद्या पानावर फक्त छाती आणि चेहरा असेल, तिथे टाकेही लिहावेत. म्हणून वर्णन एकच न देता पानानुसार दोन द्यावीत, लांबचे आणि जवळचे.

आता उजेड, कारण बहुतेक वर्णने इथेच फसतात. स्वेटरवरचे पीळ उभे असतात. भर दुपारी डोक्यावरून येणारा उजेड उभ्या पिळांच्या दिशेनेच खाली उतरतो, त्यामुळे पिळाच्या कडेला सावली पडत नाही; फक्त पेड एकमेकांवर चढतात त्या जागी खाली छोटी सावली दिसते. उजेड एका बाजूने आला की प्रत्येक पिळाची एक कड उजळते, दुसऱ्या कडेचा चर काळवंडतो आणि पीळ वेगळा उभा राहतो. उजेड समोरून आला, म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश मारल्यासारखा, तर चर आणि पीळ दोन्ही सारखेच उजळतात आणि सगळे पुसले जाते. चित्रकाराने नमुना म्हणून इंटरनेटवरचा फ्लॅशचा फोटो घेतला असेल, तर दोनदा सपाट चित्र येण्याचे निम्मे कारण तेच असू शकते. हे स्वतः पाहायचे असेल, तर कुणाकडूनही एखादा पीळदार स्वेटर मागून आणावा आणि सकाळी आठच्या सुमारास बलकांवात उन्हाला तिरपा टांगावा, मग तोच दुपारी अंगणात पाहावा. दिल्लीत नोकरी केलेल्या कुणाच्या तरी घरी असा स्वेटर कपाटात नक्की सापडतो. जुलैत हा प्रयोग करू नये; ढगाळ आभाळाखाली उजेड सगळीकडून येतो आणि फरक फार मंद दिसतो.

रंग सगळ्यांत शेवटी लिहावा, आणि एक न लिहिता दोन लिहावेत: उंचवट्याचा आणि चराचा. पांढऱ्या लोकरीच्या चरात काळी सावली नसते. चराच्या पांढऱ्या कडांवरून उजेड आत उसळत राहतो आणि तिथला रंग अधिक उबदार, घट्ट दुधाच्या सायीकडून फिक्या मधाकडे झुकणारा होतो. सपाट चित्र सुधारताना चित्रकार घाईत चरांत राखाडी रंग भरतो आणि स्वेटर मळका दिसू लागतो, म्हणून हे लिहूनच द्यावे. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत मात्र हे घडत नाही. तिथे उसळायला उजेडच नसतो, उंचवटाही गडद आणि चरही गडद, आणि पीळ जवळजवळ नाहीसा होतो. विणणारे लोक म्हणूनच पिळाच्या स्वेटरला फिकी, गुळगुळीत, नीट पीळ दिलेली लोकर निवडतात. केसाळ किंवा रंगीबेरंगी लोकरीत एवढी मेहनत दिसतच नाही. आपल्या काकांचा स्वेटर पांढरा आहे हे चांगलेच आहे. कथेच्या सोयीसाठी तो काळा करण्याचा विचार असेल, तर करू नये.

हे सगळे धरून काकांच्या छातीपर्यंतच्या चित्रासाठी मी असे लिहीन:

"जाकिटाची चेन उघडी आहे आणि आतून वीतभर रुंदीचा स्वेटर दिसतो. त्यावर दोन उभे पीळ आहेत, प्रत्येक दोन पेडांचा, सुंभाच्या दोरीसारखा, पण गुबगुबीत. डावा पीळ एका दिशेला वळतो, उजवा त्याच्या उलट, जणू आरशात पाहावे. प्रत्येक पिळाच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढा चर आहे आणि चराच्या तळाशी बारीक आडवे दाणे आहेत. उजेड ट्रकच्या डाव्या खिडकीतून येतो, म्हणून पिळांची खिडकीकडची कड उजळली आहे आणि पलीकडचा चर सावलीत आहे. पेड जिथे दुसऱ्याखाली शिरतो ती जागा सर्वांत गडद. पिळाचा माथा सायीच्या रंगाचा, चर फिक्या मधाच्या रंगाचा. कुठेही चकाकी नाही. स्वेटरची बाहेरची कड किंचित लवदार आहे, धारदार रेघ नाही."

यात "जाड" आणि "उबदार" हे शब्द एकदाही आलेले नाहीत. पीळ गुबगुबीत आणि चर बोटाएवढा असला की जाडी आपोआप येते. शेवटून दुसरे वाक्य, म्हणजे चकाकी नसल्याचे, मुद्दाम घातले आहे, कारण त्याच चित्रात शेजारी कातडे आहे आणि दोघांतला सर्वांत मोठा फरक तोच आहे.

कातड्याविषयी थोडक्यात सांगते, कारण स्वेटरची रीत समजली की बाकीचे सोपे जाते. लोकर उजेड पसरवते, तर तयार केलेले गुळगुळीत कातडे तो परतवते. त्यामुळे तपकिरी जाकिटावरचा उजळ भाग हा फिका तपकिरी नसतो. तो खिडकीचा किंवा आभाळाचाच रंग असतो, अरुंद आणि स्पष्ट कडेचा. तपकिरी रंगात थोडा पांढरा मिसळून काढलेला उजळ भाग जाकिटाला कापडी करतो. दुसरी खूण घड्यांची. जाकिटाचे कातडे साधारण एक मिलिमीटर जाड असते. ते शर्टासारखे बारीक चुरगळत नाही. कोपराच्या आत मोजक्या, गोलसर, जाड घड्या पडतात, आणि वर्षानुवर्षे वापरल्यावर हात सरळ केला तरी त्या घड्यांच्या खुणा तिथेच राहतात. लोकरीचा स्वेटर हात सरळ करताच पूर्ववत होतो. म्हणून मी लिहीन: "कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच गोल घड्या, प्रत्येक घडीच्या माथ्यावर खिडकीच्या उजेडाची एक बारीक पांढुरकी रेघ, खांद्याची शिवण आणि खिशाची कड घासून फिकी झालेली." छिद्रे, सुरकुत्यांची जाळी वगैरे गोष्टी फक्त अगदी जवळच्या चित्रात लिहाव्यात. एक सावधानता: जाकीट मखमलीसारख्या लवदार बाजूच्या कातड्याचे असेल, तर चकाकीचे हे सगळे रद्द समजावे. त्यावर हात फिरवला की पट्टे उमटतात, आणि तो पट्टाच त्याची ओळख.

फरच्या बाबतीत "मऊ" हा शब्द सर्वांत निरुपयोगी, कारण मुळात फर कोणती हे ठरलेले नाही. ट्रकवाल्याच्या जाकिटाला बहुधा मेंढीच्या कातड्याची, लोकरीसकटची कॉलर असेल. तिच्यात केसांना एक दिशा नसते. लहान, दाट, गोल कुरळे पुंजके असतात आणि प्रत्येक पुंजक्याला स्वतःची छोटी सावली असते. लांब केसांची फर असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिला दोन थर असतात: वर लांब, ताठ, किंचित चमकणारे केस आणि खाली आखूड, दाट, निस्तेज लव. केस एका दिशेला झोपलेले असतात, आणि कॉलर मानेपाशी वळते तिथे ते फाकतात व खालच्या लवेचा वेगळा रंग दिसतो. अशा केसांवर चकाकी ठिपक्यासारखी येत नाही. जिथे केस वळतात तिथे ती त्यांना आडवी, पट्ट्यासारखी येते. गोव्यात फर कुठे पाहायची, असे आपण विचाराल, तर कुंपणातून पळणारे मुंगूस पाहावे. त्याच्या एकेका केसावर गडद-फिके पट्टे असल्यामुळे त्याचा रंग लांबून राखी वाटतो, पण जवळून एकही केस राखी नसतो. फरचा रंग एका शब्दात का सांगता येत नाही, हे त्याच्याकडे पाहून कळते.

दोन्ही प्रकारांत एक सूचना सारखीच द्यावी: कॉलरची बाहेरची कड रेघेने बंद करू नये. चित्रकार सवयीने आधी बाह्यरेषा काढतो आणि आत रंग भरतो. फरच्या कडेला ती रेषा आली की आत कितीही केस काढले तरी ती चादरीची घडी दिसते. हिमाचलात बर्फ पडत असेल, तर विरघळलेल्या बर्फाने केसांची टोके एकत्र येऊन त्रिकोणी झुपके होतात. एवढे एकच वाक्य लिहिले तरी कॉलर ताबडतोब फरची वाटते आणि पानावर थंडीही येते.

पाठवण्यापूर्वी आपल्या मजकुरावर एक तपासणी करावी. रंगाचे सगळे शब्द पेन्सिलीने खोडावेत आणि उरलेला मजकूर घरातल्या कुणाला तरी देऊन साध्या पेन्सिलीने चित्र काढायला सांगावे. चित्रकला येण्याची गरज नाही. त्या वेड्यावाकड्या चित्रात स्वेटर, जाकीट आणि कॉलर वेगळी ओळखू आली, तर वर्णन तयार आहे. ओळखू आली नाहीत, तर कुठे अडले ते त्याच व्यक्तीला विचारावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा "इथे खोल आहे की उंच?" हाच प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर म्हणजे आपल्या मजकुरात गाळलेले वाक्य असते.

आणि तिसऱ्यांदा चित्र मागवताना अख्खे पान मागवू नये. चित्रकाराला प्रथम फक्त तळहाताएवढा चौकोन, त्यात पिळाची एक पट्टी, जाकिटाची उघडी कड आणि कॉलरचे टोक, एवढेच काळ्या-पांढऱ्यात काढायला सांगावे. तीन पोत जिथे एकमेकांना भिडतात तो तुकडा जमला की उरलेल्या पानात तो तेच पुढे नेतो. तिथेच बिघडले असेल, तर रंग भरण्याआधी कळते आणि त्याचे श्रमही वाचतात.